रद्दीचं मखर

सजावटीच्या थर्माकोलवर राज्यात २०१८ पासून बंदी आहे. त्याच्या जागी पुठ्ठ्याची मखरं आली खरी, पण कित्येकांवर चमकी आणि प्लास्टिकचा थर. असला पुठ्ठा रद्दीवालाही घेत नाही. म्हणून यंदा घरीच, दहा वर्षांच्या लेकीसोबत. नियम तिचा: विसर्जनानंतर रद्दीत जाणार नाही ते लावायचं नाही.

फ्रीजचं खोकं दुकानातून फुकट मिळालं. कापताना एकच बघा. पुठ्ठ्याच्या आत बारीक नळ्या असतात. त्या उभ्या राहिल्या तर खांब वजन पेलतो, आडव्या गेल्या तर भाद्रपदाच्या दमट हवेत मधूनच वाकतो. लेकीने दोन्ही तऱ्हेचे तुकडे उभे करून वर डबा ठेवून पाहिला, तेव्हा तिला पटलं.

वरून जुने पेपर, मैद्याच्या खळीने. एक वाटी मैदा, पाच वाट्या पाणी, गुठळ्या मोडून शिजवायचं. कीड लागू नये म्हणून जुनी माणसं त्यात मोरचूद घालायची. ते विषारी, पोरांच्या हातात नकोच. त्यापेक्षा थर पातळ द्या, पंख्याखाली वाळवा. हात लावल्यावर गार लागलं तर आत ओल आहे, आणि बुरशी तिथेच धरते.

वर गेरू. समई मखराबाहेर.

एका खांबावर कचरा डेपोची माझीच जुनी बातमी आली. लेक म्हणाली, "बाबा, ही गेरूने झाकू नको." तेवढी उघडी ठेवलीय.