वीतभर अंतर

देवळ्यातलं आमचं घर विंचूर-प्रकाशा रस्त्याला जवळजवळ चिकटूनच आहे. दोन खोल्या, वर पत्रे, आणि पुढच्या खोलीत माझा शिवणक्लास. कांद्याचा हंगाम सुरू झाला की पहाटेपासून ट्रॅक्टर आणि पिकअप बाजार समितीकडे धावतात, आणि प्रत्येक ट्रॅक्टरवर टेप जोरात. घरात सासूबाईंची मालिका, मागच्या दाराशी शेजारच्या वहिनींचा मिक्सर, डोक्यावर पंखा. क्लासच्या मुली लग्न होऊन सटाण्याला, कळवणला गेल्या की फोन करायच्या, "ताई, कटोरीचा टक्स परत सांगा ना." म्हणून ब्लाऊजच्या कटिंगचे व्हिडिओ करून पाठवायचं ठरवलं. मोबाईल होता. बाकी काय घ्यायचं, यावर घरात दोन तट पडले.

भाच्याचं म्हणणं होतं की आधी रिंग लाईट आणि उंच स्टँड. मी पहिला व्हिडिओ काहीच न घेता केला: फोन समोरच्या कपाटावर उभा केला आणि मशीनमागे बसून बोलले. चित्र ठीक होतं. कापडाची किनारसुद्धा दिसत होती. पण माझा आवाज खोलीच्या दुसऱ्या टोकावरून आल्यासारखा आणि ट्रॅक्टर मात्र मांडीवर. एका मुलीने सरळ कळवलं, "ताई, दिसतं सगळं, ऐकू काहीच येत नाही." तिथे रिंग लाईटचा विषय मिटला.

हे असं का होतं, ते आधी सांगते, कारण पुढचा सगळा खर्च त्यावर ठरतो. माझ्या तोंडापासून फोन सुमारे सहा फुटांवर होता, म्हणजे आठ विती. माईक अर्ध्या अंतरावर आणला की त्याच्यापर्यंत थेट पोहोचणारा आपला आवाज सहा डेसिबलने वाढतो. आठ वितींच्या चार, चाराच्या दोन, दोनाची एक: तीनदा अर्धं केलं की अठरा डेसिबल. घराच्या भिंतींमुळे हा आकडा थोडा इकडेतिकडे होतो, पण रस्त्याचा आवाज मात्र तेवढाच राहतो, कारण तो दुरून येऊन सगळ्या खोलीत सारखा भरलेला असतो. ट्रॅक्टर बंद करणं माझ्या हातात नाही. माईक तोंडाजवळ आणणं आहे. महागडा माईक सहा फुटांवर ठेवला तर साधा माईक एका वितीवर त्याला सहज हरवतो.

म्हणून पहिली खरेदी वायरवाला कॉलर माईक. हजार रुपयांच्या आत चांगला मिळतो. वायर लांब असलेला घ्यावा, पाच-सहा मीटरचा, म्हणजे फोन कुठेही ठेवता येतो. घेताना पिनेवरचे काळे पट्टे मोजावेत. फोनसाठी तीन पट्टेवाली पिन लागते. दोन पट्टेवाली कॅमेऱ्याची, ती बहुतेक फोनला चालत नाही. काही माईकच्या वायरीत बटण सेलची छोटी डबी असते आणि तिच्यावर फोन की कॅमेरा असा खटका. तो फोनकडेच हवा.

अडचण पुढे आली. माझ्या फोनला हेडफोनचं गोल भोक नाही, फक्त चार्जिंगचं. भाच्याने मालेगावहून एक स्वस्त ॲडाप्टर आणला. माईक जोडला, फोनने काही तक्रार केली नाही, रेकॉर्डिंग झालं आणि आवाज होता तसाच दूरचा. फोन आपल्याच माईकवर ऐकत होता. बऱ्याच फोनच्या चार्जिंगच्या भोकातून थेट माईकचा आवाज आत जात नाही. ॲडाप्टरमध्येच आवाजाचं रूपांतर करणारी चिप असावी लागते. दिसायला दोन्ही ॲडाप्टर सारखेच. दुकानात "चिपवाला, माईकसाठी चालणारा" असं स्पष्ट मागावं आणि आपला फोन, आपला माईक लावून तिथेच तपासावं.

तपासण्याची रीत सोपी आहे. रेकॉर्डिंग चालू करून कॉलरवरच्या माईकला नखाने खाजवायचं, मग फोनच्या खालच्या कडेला टकटक करायचं. ऐकताना खाजवणं जोरात आलं तर माईक चालतोय. टकटक जोरात आली तर नाही. माईक नीट असून फोनचा कॅमेराच त्याला विचारत नसेल, तर Open Camera हे मोफत ॲप टाकावं. त्याच्या व्हिडिओच्या सेटिंगमध्ये Audio source असतं, तिथे External mic निवडायचं. रोज सुरुवातीला मी अजूनही आधी नख लावते, मग कात्री उचलते.

माईक लावायचा हनुवटीखाली एक वीत. साडीवर हे बोलायला सोपं, करायला कटकटीचं. मंगळसूत्र माईकवर आपटतं आणि प्रत्येक वळणाला टिकटिक येते. सिंथेटिक पदर सरसरतो. मी सुती कुर्ता घालते, मंगळसूत्र आत सरकवते, आणि माईकच्या खाली वायरीचा एक लहान वेढा घेऊन तो पिनेने कापडाला अडकवते, म्हणजे वायर ओढली गेली तरी धक्का माईकपर्यंत जात नाही. सासूबाई हे सगळं बघून म्हणाल्या, "शिवण शिकवतेस की दवाखान्यात भरती होतेस?"

पंखा मात्र बंदच. त्याची हवा माईकवर आली की घरघर होते. उन्हाळ्यात पत्र्याखाली पंख्याशिवाय बसायचं म्हणजे सकाळी लवकर किंवा नाहीच. १९३१ सालचा 'आलम आरा' आठवतो. तो आपल्याकडचा पहिला बोलपट. मुंबईतला त्याचा स्टुडिओ रेल्वेमार्गाजवळ असल्यामुळे शूटिंग बरंचसं रात्री, गाड्यांची ये-जा थांबल्यावर केलं गेलं आणि माईक नटांच्या आसपास लपवून ठेवले गेले. जवळ माईक आणि गोंगाट नसलेली वेळ, यापलीकडे तेव्हाही उपाय नव्हता.

याच गोष्टीने मला एक बिनपैशाची वाट दाखवली. कटिंगच्या व्हिडिओत माझा चेहरा नसतो, फक्त हात, कापड आणि टेप. ओठ दिसत नाहीत तर आवाज त्याच वेळी घ्यायलाच हवा असं कुठे आहे? आता लांब भाग मी गोंगाटातच चित्रित करते, आणि रात्री रस्ता शांत झाला की तो व्हिडिओ दुसऱ्या फोनवर बघत, आपल्या फोनच्या साध्या रेकॉर्डरमध्ये बोलते. फोनचा खालचा भाग तोंडापासून वीतभर, पण समोर नाही, गालाच्या बाजूला. समोर धरला की 'फ', 'भ' म्हणताना हवेचा फटका बसतो, आणि आमच्या धंद्यात 'फुगा बाही' टाळता येत नाही. ज्याच्याकडे माईकचेही पैसे नाहीत, त्याने इथूनच सुरुवात करावी. माप घेणं, मुंढ्याचा आकार काढणं अशा ठिकाणी मात्र हात आणि शब्द एकदमच जावे लागतात. तिथे मी कॉलर माईकच वापरते.

भिंतीवर गोधडी टांगली की बाहेरचा आवाज अडतो, हा लोकांचा मोठा गैरसमज आहे. मीही समोरच्या भिंतीवर दोन गोधड्या टांगते, पण त्याने ट्रॅक्टर थांबत नाही. गोधडी फक्त खोलीतला घुमारा कमी करते, म्हणजे माझाच आवाज भिंतीवर आपटून परत येतो तो. म्हणून ती माझ्या मागे नाही, मी ज्या भिंतीकडे तोंड करून बोलते तिथे हवी. अंड्यांचे ट्रे चिकटवण्याचा सल्लाही आला होता. रस्त्याचा आवाज त्याने अडत नाही. बाहेरचा आवाज फटींतून येतो. खिडकीची काच लावून खालच्या फटीत जुनी चिंधी ठासली, तर गोधडीपेक्षा जास्त फरक पडला.

स्टँडचं आमच्यापुरतं सांगते. कापड वरून दिसायला हवं, म्हणून वाकणारी दांडी असलेला होल्डर आणला; फोनच्या वजनाने तो हळूहळू मान टाकायचा, आणि टेबलाला लावल्यामुळे मशीन चालली की चित्र थरथरायचं. शेवटी बाजूच्या मांडणीवर एक फळी आडवी टाकली. तिचं एक टोक टेबलाच्या वर पुढे आलेलं, मागच्या टोकावर जुनी लोखंडी इस्त्री. फोन उताणा, स्क्रीन वर, फक्त कॅमेरा फळीच्या कडेबाहेर, आणि फोन घसरू नये म्हणून दोन रबर. मांडणी टेबलाला टेकलेली नाही, त्यामुळे हादरा पोहोचत नाही. फोन सपाट ठेवला की आडवं की उभं हे त्याला कळेनासं होतं. म्हणून आधी हातात आडवा धरून चित्र आडवं झाल्याचं बघायचं आणि मग हळूच झोपवायचा. स्क्रीनवर दिसणाऱ्या चित्राच्या चार कोपऱ्यांवर टेबलाला शिलाईच्या खडूने खुणा करते. खुणांच्या बाहेर हात गेला की तो व्हिडिओत नाही, मग मान वर करून बघावं लागत नाही. आणि फोन विमान मोडवर, नाहीतर ऐन गळ्याच्या कटिंगला कोणाचा तरी फोन येतो आणि रेकॉर्डिंग तुटतं.

उजेड खिडकीचा, तोही डावीकडून, कारण मी उजव्या हाताची आहे आणि कात्रीची सावली कापायच्या रेघेवर नको. बाजूच्या उजेडात गडद कापडावरची खडूची रेघ आणि घडी उठून दिसते; समोरून येणाऱ्या रिंग लाईटमध्ये घडी सपाट होते आणि जरी चमकते. ट्यूबलाईट तेव्हा बंद ठेवते, नाहीतर अर्धं कापड पिवळट आणि अर्धं निळसर. स्क्रीनवर कापडाच्या जागी बोट दाबून धरलं की उजेड तिथे पक्का होतो, आणि माझा हात मध्ये आला तरी चित्र उजळ-काळं होत नाही.

बिनवायरी माईकबद्दल बरेच जण विचारतात. चालत-फिरत बोलायचं असेल तर घ्यावा. टेबलाशी बसणाऱ्याला त्याचा फायदा कमी, आणि चार्जिंगचं काम वाढतं. त्यावरच्या गोंगाट कमी करणाऱ्या बटणावर विसंबू नये. पंख्याची एकसारखी घरघर ते काढतं, पण हॉर्न आणि शेजारचं बोलणं पुरतं काढत नाही. शिवाय माईक लांब असताना ते जोरात लावलं तर 'स' आणि 'श' पुसट होतात, आणि 'सव्वा' ऐकू आलं नाही तर ब्लाऊज बिघडतो.

माझ्या जागी नवीन सुरुवात करणाऱ्याने पैसे याच क्रमाने काढावेत: आधी वायरवाला माईक, मग लागला तर चिपवाला ॲडाप्टर, मग फोन घट्ट धरणारं काहीही. लाईट सगळ्यात शेवटी. आमच्याकडे तो अजून घेतलेला नाही.