दोन तागे कोरेच ठेवले

भाचीने टेबलावर चौदा चित्रं मांडली. चौदा कुर्ते, प्रत्येक तीन रंगांत, झाली दिवाळीची रेंज. डिझाइनचा कोर्स नुकताच संपवून ती माझ्या नाशिकच्या छोट्या लेबलात आली होती आणि चित्रं खरंच देखणी होती. मी फक्त भागाकार केला. त्या वर्षी आमचं भांडवल चारशे ऐंशी नगांचं. चौदा गुणिले तीन म्हणजे बेचाळीस प्रकार, म्हणजे एका प्रकाराचे जेमतेम अकरा नग. ते पाच साइजमध्ये वाटले की प्रत्येक साइजला दोनच.

“मग काय झालं मावशी, व्हरायटी दिसेल ना,” ती म्हणाली.

दिसेल, पहिले दोन दिवस. मग एम आणि एल उचलले जातात आणि हँगरवर एस आणि डबल एक्सएल लटकत राहतात. याला आम्ही साइज तुटणं म्हणतो. गिऱ्हाईक कुर्ता हातात घेतं, आपला साइज विचारतं, नाही म्हटलं की दुसऱ्या कुर्त्याकडे न वळता थेट बाहेर पडतं. दहा ठिकाणी साइज तुटलेला माल असेल तर दुकान भरलेलं दिसतं आणि गल्ला रिकामा राहतो.

म्हणून मी प्लॅन चित्रापासून सुरू करत नाही, ताग्यापासून करते. मालेगावात यंत्रमागांवर विणलेलं कोरं सुती कॅम्ब्रिक आम्ही घेतो. मालेगावात माग उदंड, पण तिथलं बरंचसं कापड रंगाई-प्रक्रियेला पाली-बालोत्र्याकडे किंवा गुजरातेत जातं. आमच्यासारख्यांचं काम छोट्या रंगाऱ्याकडे चालतं आणि तो एका रंगाला शंभर मीटरपेक्षा कमी कापड घेत नाही. शंभर मीटर रंगून, आटून, डागाळलेला भाग वगळून पंच्याण्णव उरतं. चव्वेचाळीस इंची पन्ह्यात एका कुर्त्याला सरासरी दोन मीटर चाळीस सेंटिमीटर लागतं. म्हणजे एकोणचाळीस कुर्ते. एक नमुन्याला गेला, राहिले अडतीस.

आमच्या सगळ्या प्लॅनचं माप हे अडतीस. ते दोन स्टाइलमध्ये वाटले तर एकोणीस-एकोणीस येतात. एसला तीन, एमला चार, एलला पाच, एक्सएलला चार, डबल एक्सएलला तीन. एवढ्या खोलीवर आठवडाभर तरी साइज तुटत नाही. तीन स्टाइलमध्ये वाटले की पुन्हा तोच बारा-तेराचा खेळ. तेव्हा एका लॉटला दोनच स्टाइल, हा नियम. भाचीची चौदा चित्रं सातावर आली. त्यातल्या चार आदल्या वर्षीच्या, ज्यांचे पॅटर्न तयार आहेत आणि विक्री माहीत आहे. दोन तिच्या नव्या. सातवी फक्त प्रिंटमध्ये. ती थोडी फुरंगटली, पण तिच्या दोन्ही नव्या स्टाइलना सगळ्यात चालणारे रंग मिळाल्यावर गप्प बसली.

रंगांचं गणित महाराष्ट्रात नवरात्राशिवाय सुटत नाही. ऑफिसात, लोकलमध्ये, शाळेच्या शिक्षकखोलीत त्या दिवशी त्या रंगाचे कपडे लागतात. हे रंग दरवर्षी नवे ठरतात असं अनेकांना वाटतं, पण त्यातले पहिले सात वारांना बांधलेले आहेत: सोमवारी पांढरा, मंगळवारी लाल, बुधवारी निळा, गुरुवारी पिवळा, शुक्रवारी हिरवा, शनिवारी राखाडी, रविवारी नारिंगी. घटस्थापना कोणत्या वारी येते त्यावरून क्रम फिरतो. 2025ची घटस्थापना 22 सप्टेंबरला, सोमवारी होती. पांढऱ्याने सुरुवात होणार हे जून संपतानाच कळलेलं होतं. शेवटी मोरपंखी आणि गुलाबी.

मोह असा होतो की नऊ रंग आहेत तर नऊ लॉट लावावेत. पण नवरात्राचा रंग एका दिवसाचा पाहुणा. मी प्रत्येक रंगाला एकच प्रश्न विचारते: दसऱ्यानंतर हा कोण घालेल? राणी आणि हळदी पिवळा भाऊबीजेपर्यंत चालतात, पुढे लग्नसराईत हळदीला चालतात, म्हणून त्यांचे दोन-दोन लॉट. मोरपंखी, लाल, निळा आणि ऑफ-व्हाइट एकेक. राखाडी दिवाळीला कुणी घालत नाही. हिरवा, नारिंगी चालतात, पण छटा जमली तर. त्या तिघांसाठी शंभर मीटर रंगवण्यापेक्षा छापील कापड मीटरवर घेतलं, कारण तिथे किमान लॉटची अट नाही. त्याचे सगळे मिळून शंभर कुर्ते.

व्हरायटी दिसावी ही भाचीची मागणी रास्त होती, ती आम्ही खणाने भागवली. खणाचं सूत आधीच रंगवलेलं असतं, त्यामुळे दहा-दहा मीटर वेगवेगळ्या रंगांत मिळतं. पन्हा कमी, तीसेक इंचाचा, तरी गळ्याच्या योकला पाव मीटर पुरतं. दहा मीटरमध्ये अख्ख्या लॉटला योक लागतो. एकाच राणी कापडावर कुठे हिरवा योक, कुठे जांभळा. कापड एक, चेहरे दोन. मात्र खण आणि कॅम्ब्रिक सारखे आटत नाहीत. दोन्हींवर पन्नास सेंटिमीटरचा चौकोन आखून रात्रभर भिजवायचा, वाळला की मोजायचा. कॅम्ब्रिकचा अठ्ठेचाळीस भरला आणि खणाचा साडेएकोणपन्नास, तर पहिल्या धुण्यातच छातीवर चुण्या पडणार. अशा वेळी कॅम्ब्रिक कापण्याआधी पाण्यातून काढावं लागतं. ऑफ-व्हाइटवर लाल खण लावायचा असेल तर ओला पांढरा रुमाल त्यावर घासून बघते. रुमाल गुलाबी झाला की तो खण गडद कुर्त्यावर जातो.

एकाच रंगाचे दोन लॉट एकाच वेळी, एकाच पाण्यात काढायला सांगते. वेगवेगळ्या दिवशी रंगलेले दोन राणी ट्यूबलाइटखाली जुळे दिसतात आणि उन्हात सावत्र बहिणी होतात. आमचे कटिंग मास्तर म्हणूनच तागा आला की टोकं खिडकीत धरतात आणि फरक दिसला तर खडूने आकडा टाकतात, म्हणजे एका ताग्याची बाही दुसऱ्याच्या अंगाला लागत नाही.

आता नगांची बेरीज. आठ लॉटचे तीनशे चार, प्रिंटचे शंभर, मिळून चारशे चार. उरलेल्या शहात्तर नगांचे दोन तागे मी कोरेच ठेवले. इटलीच्या बेनेटनने लोकरी स्वेटर आधी विणून नंतर चालत्या रंगात बुडवण्याची पद्धत नावारूपाला आणली, त्याचंच हे गरिबाघरचं रूप. कोरं कापड कुठल्याही रंगाचं होऊ शकतं, रंगलेलं फक्त काळं. प्रश्न वेळेचा. घटस्थापनेपासून 21 ऑक्टोबरच्या लक्ष्मीपूजनापर्यंत महिना मिळतो. रंगारी सणाच्या गर्दीत दोन आठवडे घेतो, शिलाईला आठवडा. म्हणजे निर्णय नवरात्राच्या पहिल्या तीन दिवसांतच व्हायला हवा, आणि रंगाऱ्याकडची जागा ऑगस्टमध्येच सांगून ठेवायला हवी.

बुधवारी संध्याकाळी भाचीने वही काढली. मी पिवळ्याच्या बाजूने होते. तिने विक्रीकडे न बघता आधी विचारणांची पानं उघडली: कुठल्या रंगात साइज नाही म्हणून गिऱ्हाईक परत गेलं. मोरपंखीत एल आणि एक्सएल संपले होते, आणि मोरपंखीचा दिवस यायचा होता अजून. पिवळ्याचा एका लॉटभर माल रॅकवर होताच. एक तागा मोरपंखीत गेला. दुसऱ्यावर आमचं एकमत झालं नाही, तेव्हा तो तसाच राहिला आणि नोव्हेंबरात काळा रंगवून संक्रांतीला लावला.