स्टार किती, यापेक्षा तास किती?

एप्रिल 2024 ची गोष्ट. कल्याणच्या आमच्या घरात अम्मींना उकाडा सहन होईना. वय झालेले, रक्तदाबाचा त्रास, आणि खोली वरच्या मजल्यावर, स्लॅबखाली. रात्रभर त्या कूस बदलत राहायच्या. शेवटी मी भिशीचे 45 हजार उचलले आणि आम्ही एसी घ्यायला निघालो.

दुकानात दीड टनाचे दोन एसी शेजारी शेजारी लावलेले होते. तीन स्टारचा 36 हजारांना, पाच स्टारचा साडेचव्वेचाळीस हजारांना. विक्रेता म्हणाला, "मॅडम, पाच स्टारच घ्या. साडेआठ हजार जास्त जातील, पण अडीच-तीन वर्षांत बिलातून वसूल." माझे मिस्टर लगेच तयार झाले. मी मात्र म्हटले, "आज नको, उद्या येतो." दोन्ही एसींच्या लेबलांचे मोबाइलवर फोटो घेतले आणि घरी आले. कारण भिशीतून जे उरणार होते, त्याच्यावर मुलीच्या अकरावीचा खर्च अवलंबून होता.

रात्री कागद घेऊन बसले. स्टारच्या खाली लेबलावर वर्षाची युनिटे छापलेली असतात, तिकडे आपले सहसा लक्ष जात नाही. तीन स्टारवर 980 युनिट होते, पाच स्टारवर 750. फरक 230 युनिटांचा. पण त्याच लेबलावर लिहिलेले असते की हा आकडा वर्षाला 1600 तास वापर धरून काढला आहे. सगळी गोम इथेच होती. 1600 तास म्हणजे रोज आठ तास, तेही 200 दिवस. आमचा एसी एवढा चालणार होता का?

मी आमचे तास मांडले. रात्री अकराला लावायचा आणि पहाटे फजरला बंद करायचा, म्हणजे सहा तास. मार्चच्या मध्यापासून पाऊस पडेपर्यंत आणि मग ऑक्टोबरच्या उकाड्यात थोडे दिवस, असे मिळून शंभर दिवस. म्हणजे वर्षाला 600 तास. 230 युनिटांना 1600 ने भागले, तर पाच स्टार तासाला 0.144 युनिट वाचवतो. 600 तासांत झाली 86 युनिटे.

आता युनिटाचा भाव. मुलगी म्हणाली, "अम्मी, बिलाच्या रकमेला युनिटांनी भागा." तिच्या पद्धतीने साधारण साडेदहा रुपये येत होते. पण वाचणारे युनिट हे बिलातले सरासरी युनिट नसते, ते नेहमी सर्वात वरच्या टप्प्यातले असते. महावितरणच्या त्या वर्षीच्या घरगुती दरात पहिल्या 100 युनिटांना वहन आकार धरून सहा रुपयांच्या आतच पडत होते, 101 ते 300 पर्यंत मात्र साडेअकराच्या आसपास. त्यावर 16 टक्के वीज शुल्क. आमचे घर एरवीही महिन्याला दीडशेच्या पुढेच असते, म्हणून आमच्यासाठी वाचलेल्या युनिटाची किंमत 13 रुपये. (पुष्कळांना वाटते की 300 च्या पुढे एक युनिट गेले की सगळे बिल महाग दराने लागते. तसे नाही, फक्त वरच्या युनिटांना वरचा दर लागतो.)

86 गुणिले 13, म्हणजे वर्षाला सुमारे 1120 रुपये. साडेआठ हजार वसूल व्हायला साडेसात वर्षे. विक्रेता खोटे बोलला नव्हता. 1600 तास धरले तर खरोखरच तीन वर्षांच्या आत पैसे निघतात. त्याने लेबलाचे तास धरले, मी आमचे धरले.

तेवढ्यात मुंब्र्याहून धाकट्या बहिणीचा फोन आला. तिलाही एसी घ्यायचा होता. तिच्या सासूबाई अंथरुणाला खिळलेल्या, त्यामुळे एसी दिवसरात्र मिळून बारा तास, तोही आठ महिने. म्हणजे 2880 तास, वाचणारी युनिटे 415, आणि 13 रुपयांनीच धरले तरी वर्षाला जवळजवळ 5400 रुपये. मुंब्र्यात वीज टोरंटकडून येते, पण दर महावितरणचेच लागतात, म्हणून हिशोब तोच. तिचे साडेआठ हजार साधारण दीड वर्षात निघत होते. मी तिला म्हटले, "तू डोळे झाकून पाच स्टार घे." तीच दोन मॉडेले, तोच दर, पण तिच्यासाठी पाच स्टार स्वस्त आणि माझ्यासाठी तीन.

मग मला प्रश्न पडला, आमच्या घरात जास्त तास चालते काय? उत्तर डोक्यावरच फिरत होते. हॉलचा आणि अम्मींच्या खोलीचा पंखा दिवसाला पंधरा तास तरी चालतो, वर्षातले 300 दिवस. जुना पंखा पूर्ण वेगात 75 वॉट घेतो, बीएलडीसी मोटरचा पंखा 30 च्या आसपास. वर्गात मुलांना शिकवते तेच गणित: वॉट गुणिले तास भागिले 1000. फरक 45 वॉट, रोज पंधरा तास, म्हणजे 0.675 युनिट. वर्षाला एका पंख्यामागे 200 युनिटे, म्हणजे 2600 रुपये. पंखा तीन हजारांचा. जुना पंखा चालू असताना काढायचा, म्हणून पूर्ण तीन हजार खर्चात धरले, तरी सव्वा वर्षात वसूल. मात्र मुलीच्या खोलीतला पंखा जेमतेम तीन तास फिरतो. तिथे वर्षाला सव्वापाचशेच वाचले असते, म्हणून तो तसाच ठेवला.

शेवटी तीन स्टारचा एसी घेतला आणि सहा हजारांत दोन पंखे. पाच स्टारच्या जादा पैशांतून हे सगळे होऊन अडीच हजार उरले.

कागद आणि घर यात थोडा फरक पडतोच. हिशोबाने महिन्याला 40 युनिटे कमी व्हायला हवी होती. बिलावर मागच्या महिन्यांचा वापर छापलेला असतो, तो गेल्या वर्षीच्या त्याच महिन्यांशी ताडून पाहिला, तर घट 30-32 ची निघाली. कारण जुने पंखे आम्ही बऱ्याचदा तीनवर चालवत होतो, तेव्हा ते पूर्ण 75 वॉट घेतच नव्हते. तसेच या पंख्यांना भिंतीवरचा रेग्युलेटर चालत नाही. इलेक्ट्रिशियनला तो काढून थेट जोडणी द्यायला सांगावे, नाहीतर आतले सर्किट बिघडते.

एक सावधगिरी दुकानातच घ्यावी. एसीच्या स्टारचे निकष मधून मधून कडक होतात. जुलै 2022 मध्ये झाले तेव्हा कालचे बरेच पाच स्टार चार स्टारचे झाले. जुना माल स्वस्तात दाखवला, तर लेबलावरचा काळ पाहावा आणि स्टार न मोजता युनिटांची तुलना करावी. फ्रिजचे काम सोपे आहे. तो वर्षभर चालूच असतो, त्यामुळे लेबलावरची युनिटे जशीच्या तशी वजा करून आपल्या वरच्या टप्प्याच्या दराने गुणावीत.

अम्मी आता रात्री शांत झोपतात. तो कागद मी कपाटाच्या दाराला आतून चिकटवून ठेवला आहे. दर बदलले की 13 चा आकडा खोडून नवा लिहिते. तासांचा आकडा मात्र ज्याचा त्याने, आपल्या घरात बघूनच लिहावा.