‘आम्ही’ म्हणजे कोण, ते विचार

पुणे,
रविवार, दुपार

चि. मुक्तास,


तुझ्या वहीच्या पानांचे फोटो काल रात्री मिळाले. चष्मा लावून, फोन आडवा-उभा करून तीनदा वाचले. गोदामप्रमुखाच्या जागेसाठी चार मुलाखती घेतल्यास, प्रत्येकाचं पान वेगळं ठेवलंस, हे चांगलं केलंस. दादाने उभ्या आयुष्यात एवढं केलं नाही. पण खाली जे लिहिलं आहेस, त्याने माझी झोप उडाली. ‘आत्या, पहिला मुलगा फायनल करतेय. माणूस पाच मिनिटांत कळतो गं.’

पाच मिनिटांत माणूस कळतो?

तू मला फक्त एवढंच विचारलं होतंस की पगार किती कबूल करावा. ते शेवटी सांगते. आधी त्या पहिल्या पानाबद्दल. त्या मुलाचं वाक्य तू जसंच्या तसं उतरवलंस, म्हणून बरं. ‘आधीच्या कंपनीत स्टॉकचा फार गोंधळ होता, आम्ही प्रॉपर सिस्टीम लावली, बरीच इम्प्रूव्हमेंट झाली.’ आणि समोर तुझा शेरा: पुढाकार घेतो, आठ गुण. मुक्ता, या वाक्यात पुढाकार कुठे आहे ते मला बोट ठेवून दाखव. गोंधळ ‘होता’, सिस्टीम ‘आम्ही’ लावली, सुधारणा ‘झाली’. तो स्वतः या वाक्यात आहे कुठे?

माझं हे वेड तुला ठाऊक आहे, हसू नकोस. सव्वीस वर्षं पर्सोनेलमध्ये काढल्यावर माझी खात्री झाली आहे की मराठी माणसाची मुलाखत घ्यायची तर आधी व्याकरण ऐकावं. ‘आम्ही’ आलं की कर्ता लपला. ‘झालं’ आलं की कर्ता पळाला. आणि सगळ्यात फसवं ते ‘करायचो’. मी रोज तपासायचो, मी सगळ्यांशी बोलायचो. हे ऐकायला कामसू वाटतं, पण ‘करायचो’ला तारीख नसते. ‘केलं’ म्हटलं की एक दिवस उभा करावा लागतो, त्या दिवशी कोण होतं, काय सापडलं, हे सगळं मागोमाग येतं. म्हणून ‘करायचो’ ऐकू आलं की मी एवढंच म्हणत असे: ‘त्यातला एक दिवस सांगा.’ आता तर हे इतकं अंगात भिनलंय की सोसायटीच्या अहवालात ‘पाण्याच्या प्रश्नावर लक्ष देण्यात आलं’ असं वाचलं आणि सभेत उठून विचारलं, कोणी दिलं? सेक्रेटरी अजून माझ्याशी बोलत नाहीत.

पण ऐक, ‘आम्ही’ म्हणणारा दरवेळी लबाड असतो असं नाही. इथेच तू चुकलीस, आणि उलट्या बाजूनेही चुकलीस. आपल्याकडे ‘मी केलं’ म्हणणं हेच मुळात उद्धटपणाचं वाटतं. ज्याने खरंच केलं तोही मान खाली घालून ‘आम्ही’च म्हणतो.

१९८९ साली स्टोअरकीपरच्या जागेसाठी एक जण आला होता. साधा शर्ट, हातात प्लास्टिकची पिशवी. म्हणाला, ‘स्टोअर्सला गोंधळ होता, मग आम्ही बिन कार्डं लावली, फरक पडला.’ (बिन कार्ड म्हणजे प्रत्येक खणाला टांगायचा तो कागद: आलं, गेलं, शिल्लक. तुझ्या गोदामात अजून एकही नाही, हे मी दिवाळीत पाहिलं आहे.) बघ, वाक्य जवळपास तुझ्या मुलाचंच. मी विचारलं, गोंधळ आहे हे कळलं कसं? म्हणाला, मोजणीत. मोजणीत काय सापडलं? तो बराच वेळ छताकडे बघत राहिला. माझ्याबरोबरचे साहेब चुळबुळ करायला लागले, पण मी बोलले नाही. त्या वेळी बोलायचं नसतं. माणूस आठवत असतो, आणि आपण मध्येच दुसरा प्रश्न टाकला की त्याची सुटका होते. मग तो म्हणाला, ‘६२०५ नंबरचं बेअरिंग. लेजरला चाळीस, खणात अकरा.’

‘मग काय केलंत?’

‘आम्ही सगळ्यांनी मिळून…’

‘सगळ्यांचं राहू द्या. तुम्ही स्वतः त्यानंतर पहिली गोष्ट कोणती केलीत?’

‘घरी गेलो नाही. रात्री थांबलो.’

रात्री थांबून त्याला दिसलं ते असं. रात्रपाळीला स्टोअर बंद, किल्ली गेटवर खिळ्याला. मशीन बंद पडलं की मेंटेनन्सवाले किल्ली घेत, बेअरिंग काढून नेत, ‘स्लिप सकाळी देतो’ म्हणत. सकाळी पाळी बदललेली. म्हणजे चोरी नव्हतीच, माल कारखान्यातच लागत होता, फक्त लिहिला जात नव्हता. याने काय केलं? त्या किल्लीला सुतळीने एक वही बांधली. किल्ली घ्यायची तर वही हातात येणारच. ‘ही कल्पना कोणाची?’ असं विचारल्यावर माणूस चक्क लाजला. ‘माझीच,’ म्हणाला. तीन महिन्यांनी पुन्हा मोजणी केली. आधी त्रेपन्न वस्तूंत तफावत होती, आता सात. मी विचारलं, त्या सात कशात राहिल्या? क्षणाचाही विलंब नाही: ‘नटबोल्ट. ते कोणी लिहीत नाही.’

आणि बिन कार्डं? ती साहेबांनी लावली होती, हा फक्त भरायचा. म्हणजे पहिल्या उत्तरात त्याने साहेबांचं काम सांगितलं आणि स्वतःचं गिळलं. मी पहिल्या वाक्यावर थांबले असते तर तू तिसऱ्या मुलाला दिलेस तसे पाच गुण देऊन त्याला चहा पाजून परत पाठवला असता.

त्याच दुपारी दुसरा आला, टाय लावून. ‘टीमला मोटिव्हेट करून इन्व्हेंटरी कंट्रोल केला.’ सुरुवात कोणत्या मालापासून केलीत? ‘तसं सगळ्याच आयटमवर फोकस होता.’ मोजणी कधी झाली? ‘ती रेग्युलर व्हायची.’ आधी तफावत किती होती? ‘बऱ्यापैकी.’ तीन प्रश्नांत विहिरीचा तळ दिसला. तो खोटं बोलत होता असं मी म्हणत नाही. काम त्याच्या आजूबाजूला घडलं असेल, तो तिथे उभाही असेल. तरी उरलेल्या सातांचा प्रश्न विचारून बघ. ज्याने हात घातलेला असतो त्याला काय साधलं यापेक्षा काय राहिलं ते जास्त टोचत असतं, ते त्याला आठवावं लागत नाही. ऐकीव माणसाकडे अपयशाचा तपशील नसतो.

हे माझ्या डोक्यातून निघालेलं नाही, घाबरू नकोस. फ्लॅनगन नावाचे अमेरिकन मानसशास्त्रज्ञ होते, दुसऱ्या महायुद्धात त्यांच्या हवाई दलासाठी काम केलेले. १९४१ मध्ये वैमानिकांच्या प्रशिक्षणातून काढून टाकलेल्या हजार मुलांची कारणं तिथे तपासली गेली. शिक्षकांनी काय लिहिलेलं? निर्णयशक्ती कमी, स्वभाव योग्य नाही, प्रगती पुरेशी नाही. म्हणजे तुझ्या वहीतल्यासारखेच शेरे! त्यावरून पुढची मुलं कशी निवडावीत हे काही केल्या कळेना. मग शेरे बाजूला ठेवून ते प्रत्यक्ष घडलेले प्रसंग गोळा करू लागले, आणि १९५४ मध्ये फ्लॅनगननी ती पद्धत सविस्तर लिहून काढली. त्यात एक साधी कसोटी आहे: तपशील पूर्ण आणि नेमका असेल तर हकीकत सहसा खरी धरावी, मोघम असेल तर तो प्रसंग नीट आठवत नाही असं समजावं. आता म्हणे मुलं परिस्थिती, जबाबदारी, कृती, निकाल अशी चार कप्प्यांची गोष्ट पाठच करून येतात. येऊ देत. पाठ केलेल्या गोष्टीत किल्लीचा खिळा नसतो.

आता माझीही एक फजिती सांगते, म्हणजे आत्या फक्त झोडपते असं तुला वाटायला नको. एकदा वाईकडचा मुलगा आला. बोलणं अगदी आपल्या घरातलं, ऐकूनच मी विरघळले. तो मोघम बोलला की मीच त्याला हात देत होते. ‘म्हणजे तुम्ही स्वतः मोजणी केलीत, असंच ना?’ तो म्हणाला, ‘हो हो.’ ‘आणि फरक साहेबांना दाखवलात?’ ‘हो ना.’ मी ते सगळं त्याच्या नावावर लिहून घेतलं. सहा महिन्यांनी लक्षात आलं की त्याने जन्मात कधी मोजणी केलेली नाही. उत्तरं माझीच होती, त्याने फक्त मान हलवली होती. ज्या प्रश्नाला ‘हो’ म्हणून भागतं तो प्रश्नच नव्हे. ‘का केलंत’ हेही जपून विचार. माणूस लगेच बचावाला उभा राहतो, कारणं रचतो. ‘कसं केलंत’, ‘मग पुढे काय’, ‘ते कशावरून कळलं’, एवढ्यावर भागतं. तेही उलटतपासणीच्या सुरात नको. पाणी दे, बसू दे, सांग की मला बारकावे ऐकायला आवडतात.

आता तुझं तिसरं पान काढ. ‘लाजरा, मोघम बोलतो, पाच गुण.’ त्याचं वाक्य काय? ‘आम्ही सगळे मिळून माल लावायचो, जुना पुढे, नवा मागे.’ याला तू चार प्रश्न विचारलेस, तेही ‘असं का, तसं का’ या चालीवर. पहिल्याला किती विचारलेस? एकही नाही. दोघंही सारखेच मोघम बोलले, पण एकाचा मोघमपणा इंग्रजीत होता आणि तुला तो अनुभव वाटला. जो आवडला त्याला सोडायचं आणि जो आवडला नाही त्यालाच खणायचं, मग निवड मुलाखतीआधीच झालेली असते. वाईच्या पोराच्या वेळी मीही हेच केलं होतं.

जुना माल पुढे लावायचो म्हणाला ना? मग विचार, जुना कोणता ते पोत्यावरून कसं ओळखायचास? असा एक दिवस सांग की नवी मिरची आधी गेली आणि जुनी मागे अडकली. किती पोती होती, तुझ्या कधी लक्षात आलं, त्या दिवशी तू काय केलंस, त्या पोत्यांचं पुढे काय झालं. कदाचित याच्याकडेही काही निघणार नाही. पण मला राहून राहून वाटतंय की तो पोत्यांवर खडूने तारीख लिहिणारा मुलगा असावा आणि ते तुला कोणी सांगितलंच नाही, कारण तू विचारलं नाहीस.

मला काळजी त्या मुलांची नाही, तुझी आहे. हळदीचा हंगाम तोंडावर आहे, बँकेचं कर्ज त्याच मालावर आहे, आणि दादा आता रात्री उठून गोदामात फेरी मारू शकत नाही. तू एकटी किती बघणार?

पगाराचं असं, की ठरलंय त्यातच राहा, पण कोणालाच अजून शब्द देऊ नकोस. पहिल्याला आणि तिसऱ्याला, दोघांनाही या आठवड्यात परत बोलाव, प्रश्न दोघांना तेच विचार आणि उत्तरं त्यांच्याच शब्दांत लिहून मला पाठव. शेरे नकोत. गोदामाची किल्ली तोवर तुझ्याकडेच राहू दे.

तुझी,
सुमाआत्या