भाताच्या ४३ हजारांसाठी लिहिलेलं एक पत्र



२०२४ च्या डिसेंबरात माझं भात गेलं आणि पैसे अडकले, हे काही जणांना माहीत आहे. शेवटी शेठला पत्र लिहिलं, ते पत्रच इथे टाकतोय. शेठचं नाव मुद्दाम लिहीत नाही. भांडण व्यवहाराचं आहे, माणसाचं नाही. पण असाच माल देऊन फोन करत बसलेला कोणी असेल, तर त्याच्या कामाला यावं.

आधी काय झालं ते सांगतो. आमची शेती नागोठण्याच्या बाजूला, रोहा तालुक्यात. खरिपाला जया लावला होता. दाणा जाड, पोह्याला चालतो, म्हणून पेणच्या बाजूचे गिरणीवाले विचारतात. २०२४-२५ ला साध्या भाताचा हमीभाव होता २,३०० रुपये क्विंटल. शेठ म्हणाला, "भाऊ, मी २,४०० देतो, गोणी तुमच्या, टेम्पो माझा." केंद्रावर नंबर लावा, सातबारा द्या, गोणी घेऊन थांबा, यापेक्षा शंभर रुपये जास्त मिळतात म्हणून मी हो म्हटलं. हिशेब केला तर चोवीस क्विंटलवर साधारण २,४०० रुपयांचा मोह होता तो.

१२ डिसेंबरला ६० गोणी गेल्या. त्याच दिवशी १५ हजार खात्यात आले. बाकीचे "पंधरा दिवसांत" म्हणाला. तोंडी.

पंधरा दिवस झाले, महिना झाला. फोन केला तर कधी गाडीवर, कधी जेवणात, कधी लग्नात. २० जानेवारीला उचलला आणि म्हणाला, "भाऊ, तुमचा माल ओला निघाला. वाळवल्यावर दोन क्विंटल तूट आली. ती वजा करून बघतो." दोन क्विंटल म्हणजे ४,८०० रुपये. मला राग आला, पण खरं सांगतो, क्षणभर वाटलं की खरंच ओला असेल का? नोव्हेंबरच्या अखेरीस दोन दिवस ढग होते.

सोसायटीचं पीककर्ज ३१ मार्चला भरायचं होतं. वेळेत भरलं तर व्याजाची सवलत मिळते, तारीख चुकली की सवलत जाते आणि पुढच्या खरिपाला सोसायटीच्या दारात मान खाली. त्यामुळे तेव्हा ते ४३ हजार आणि ती एक तारीख एवढंच डोक्यात होतं.

बायको म्हणाली, "तुम्ही फोनवर ओरडता, तो फोन ठेवतो. त्यात लिहिलेलं काहीच नाही. कागद काढा." भाचा अलिबागला एका वकिलाकडे काम करतो. त्यानेही तेच सांगितलं. म्हणाला, "मामा, आधी तुझ्याकडे काय आहे ते टेबलावर मांड, मग पत्र लिही."

मांडलं तर बरंच निघालं. वाटेतल्या काट्याची पावती: भरलेला टेम्पो ४,३१० किलो, रिकामा १,८८०. गिरणीत मीटर लावला तेव्हा शेठच्या माणसाने चिठ्ठीवर लिहिलेलं "६० गोणी, ओल १५.५" आणि खाली त्याची सही. आणि १५ हजार पाठवल्यावर शेठचाच मेसेज: "६० गोणी २४०० ने, ऍडव्हान्स १५ दिला." हा मेसेज मी पुसला नव्हता हे नशीब. भाव तोंडी ठरला होता, पण तो असा कागदावर आला.

मग तुटीचा हिशेब केला. भात वाळतं तेव्हा पाणी जातं, दाण्यातला कोरडा भाग तेवढाच राहतो. तो एक आकडा धरून ठेवला की कोणी फसवू शकत नाही. माझा निव्वळ माल २,४२३ किलो. ओल १५.५ टक्के, म्हणजे कोरडा भाग ८४.५ टक्के: २,०४७ किलो. शेठने तो पार १३ टक्क्यांपर्यंत वाळवला असं धरू. तेव्हा हा कोरडा भाग एकूण वजनाच्या ८७ टक्के असणार, म्हणजे माल उरला २,३५३ किलो. तूट ७० किलो. दोनशे नाही.

उलटंही करून पाहिलं. १३ टक्क्यांवर दोनशे किलो तूट यायला आल्या दिवशी ओल किती हवी होती? वीस टक्क्यांच्या वर. वीस टक्के ओल असलेलं भात गोणीत आठवडा राहिलं तर गरम होतं, कुबट वास येतो, दाणा पिवळा पडतो. सरकारी खरेदीतसुद्धा १७ च्या वर घेत नाहीत. आणि तसं भात गिरणीवाला मीटर लावून, १५.५ लिहून उतरवून घेईल? हे कळल्यावर माझ्या मनातली शंका गेली. मग पत्र लिहायला बसलो.

हे ते पत्र:

दि. १० फेब्रुवारी २०२५

प्रति,
श्री. शेठ यांस,
स.न.वि.वि.

१२ डिसेंबर २०२४ रोजी मी आपल्याला जया भाताच्या ६० गोणी दिल्या. भाव रु. २,४०० क्विंटल ठरला होता. तसा आपला त्याच दिवशीचा मेसेज माझ्याकडे आहे.

काट्यावरचं वजन २,४३० किलो. दहा रिकाम्या गोण्यांचं वजन १ किलो २०० ग्रॅम भरलं, त्या हिशेबाने साठ गोण्यांचे ७ किलो वजा जाता निव्वळ माल २,४२३ किलो. किंमत रु. ५८,१५२. मिळालेला ऍडव्हान्स रु. १५,०००. येणे बाकी रु. ४३,१५२.

बाकी पंधरा दिवसांत, म्हणजे २७ डिसेंबरपर्यंत देण्याचं ठरलं होतं.

२० जानेवारीला आपण फोनवर दोन क्विंटल तूट सांगितली. माल उतरवताना आपल्याच मीटरवर ओल १५.५ टक्के आली आणि तसं आपल्या माणसाने सही करून लिहून दिलं. तेव्हा आपण माल परत केला नाही, भाव कमी केला नाही. माल वापरायला घेतला. वाळवून तूट धरायची असं आपलं ठरलेलं नव्हतं, म्हणून ही तूट मला मान्य नाही. १५.५ वरून १३ पर्यंत वाळवलं तरी ७० किलोच कमी होतात, हिशेब सोबत जोडला आहे.

आपले संबंध जुने आहेत, ते राहावेत असं मला वाटतं. रु. ४३,१५२ आपण २८ फेब्रुवारीपर्यंत माझ्या खात्यात जमा करावेत. न झाल्यास हे पत्र मिळाल्या तारखेपासून बँकेच्या ठेवीच्या दराने व्याज मागेन आणि पुढे कायद्याने जो मार्ग आहे तो घेईन.

हिशेबात माझी चूक असेल तर तीही लेखी कळवावी.

सोबत: काट्याच्या पावत्या, ओलीची चिठ्ठी, मेसेज आणि खात्याचा उतारा, यांच्या झेरॉक्स.

आपला,
(सही)

पत्र एवढंच. भाच्याने यातली तीन वाक्यं मुद्दाम घालायला लावली, ती का ते सांगतो.

पहिलं, "माल परत केला नाही". १९३० चा मालविक्रीचा कायदा आहे. घेणाऱ्याने माल ठेवून घेतला, वाजवी वेळेत नको म्हणून कळवलं नाही, की त्याने तो स्वीकारला असं धरतात. माल तपासायचा त्याचा हक्क आहेच. पण तपासून, उतरवून, गिरणीत घालून, चाळीस दिवसांनी ओल आठवणं वेगळं. तुमच्या चिठ्ठीवर ओल १८ लिहिली असेल, किंवा "वाळवून वजन धरू" असं ठरलं असेल, तर मात्र हे वाक्य तुम्हाला लिहिता येणार नाही. तेव्हा खरा हिशेब करून तेवढी तूट सोडावी.

दुसरं, व्याज. आमच्यात पैसे कधी द्यायचे हे लेखी नव्हतं. अशा वेळी १९७८ च्या व्याजाच्या कायद्याप्रमाणे, व्याज मागणार असं लेखी कळवलं की तिथून ते मागता येतं. फोनवर दहा वेळा सांगून तो काटा सुरू होत नाही. सात टक्के धरलं तर माझं व्याज रोजचं सव्वाआठ रुपये, चहाचेच पैसे. पण शेठला कळलं की आता दिवस मोजले जातायत.

तिसरं, सगळ्या तारखा. दिलेल्या मालाच्या पैशांसाठी दाव्याची मुदत तीन वर्षं. उधारीची मुदत ठरली असेल तर ती संपल्यापासून, नसेल तर माल दिल्या दिवसापासून. समोरच्याने त्या तीन वर्षांत "एवढे देणं आहे" असं सही करून लिहून दिलं तर मुदत तिथून नव्याने धरतात. नुसत्या मेसेजवर वाद होऊ शकतो, सही असलेली बरी. "देतो, देतो" म्हणत तीन हंगाम काढणारे व्यापारी असतात, आणि आपण संबंध नको बिघडायला म्हणून गप्प बसतो.

पत्र स्पीड पोस्टाने पाठवलं, पोस्टाची पावती आणि पोच ठेवली. एक प्रत फोटो काढून शेठच्या नंबरवरही टाकली. १३ तारखेला पोचलं. १९ तारखेला, शिवजयंतीच्या दिवशी, मी वालाच्या शेंगा तोडत होतो आणि फोन आला. दोन महिन्यांत पहिल्यांदा त्याचा. म्हणाला, "भाऊ, पत्र कशाला? घरचं माणूस आपण." मी म्हटलं, "शेठ, घरच्या माणसाचाच हिशेब स्वच्छ असावा." तुटीचं नाव त्याने काढलं नाही. मग स्वतःच म्हणाला की पोह्याचे त्याचेही पैसे वाशीला अडकलेत. ते खोटं नसेल. त्याच्यावरही कोणीतरी बसलेलं असतं.

दुसऱ्या दिवशी २० हजार आले. बाकी २३,१५२ चा चेक दिला, २० मार्चचा. चेकवर तारीख पडल्यापासून तीन महिन्यांत तो बँकेत भरायचा असतो. न वटला तर बँकेचा मेमो मिळाल्यापासून तीस दिवसांत लेखी नोटीस द्यावी लागते, मग त्याला पंधरा दिवस, आणि तरी नाही दिले तर पुढच्या एका महिन्यात कोर्टात तक्रार. मी हे सगळं कॅलेंडरवर लिहून ठेवलं होतं. लागलं नाही. चेक वटला, २७ मार्चला सोसायटी भरली. व्याज मागितलं नाही, सोडलं.

पत्राने प्रत्येकाचे पैसे येतील असं नाही. ज्याच्याकडे खरोखर काही उरलेलं नाही, त्याला कसलंही पत्र चालत नाही. आणि माझ्याकडे ती ओलीची चिठ्ठी नसती, तर मी दोन क्विंटल सोडूनच दिले असते, हे मला माहीत आहे.

म्हणून यंदा एक केलंय. वहीचं एक पान आधीच लिहून नेणार: तारीख, जात, गोणी, काट्याचं वजन, ओल, भाव, पैसे कधी. गोणी खाली उतरायच्या आधी शेठची सही. माल टेम्पोत असेपर्यंत सही लगेच मिळते.