फॉर्म १६ वर सही करण्याआधी हा एक रकाना बघा

महसूल खात्यातला एक मित्र परवा वैतागून आला. "पगार साडेबारा लाखांच्या आसपास, बारा लाखांपर्यंत टॅक्स नाही म्हणतात, मग मला ८१ हजार ९०० कसे काय?" त्याचा २०२५-२६ चा फॉर्म १६ बघितला आणि कोडं सुटलं.

तो २००६ साली लागला, म्हणजे जुनी पेन्शन नाही, एनपीएस. मूळ पगार अधिक महागाई भत्ता वर्षाला १० लाख, घरभाडं वगैरे २ लाख ६० हजार. सरकार एनपीएसमध्ये १४ टक्के भरतं, म्हणजे १ लाख ४० हजार. ही रक्कम हातात येत नाही, तरी कायद्याने ती आधी पगारात मिळवतात. म्हणून फॉर्मवर पगार दिसतो १४ लाख. मग तीच रक्कम कलम ८०सीसीडी(२) खाली वजा करायची असते. इथंच घोळ झाला. मिळवली, पण वजा केलीच नाही. कारकुनाचं म्हणणं, "नव्या पद्धतीत वजावट नसते."

असते. ८०सी जातं, स्वतःचा १० टक्के हिस्साही नव्या पद्धतीत वजा होत नाही, पण नोकरी देणाऱ्याचा हिस्सा दोन्ही पद्धतींत वजा होतो. आता हिशेब बघा. १४ लाखांतून ७५ हजार प्रमाणित वजावट गेली, राहिले १३ लाख २५ हजार. त्यावर सेससह ८१,९०० रुपये कर. त्यातून १ लाख ४० हजार वजा केले की ११ लाख ८५ हजार. कर शून्य!

खाजगी नोकरीवाल्यांचं थोडं वेगळं आहे. त्यांना नव्या पद्धतीत १४ टक्क्यांपर्यंत सूट आहे (२०२४ च्या अर्थसंकल्पापासून), जुन्या पद्धतीत मात्र १० टक्केच. तेवढ्याच पगारावर कंपनीने १ लाख ४० हजार भरले, तर जुन्या पद्धतीत ४० हजार करपात्र राहतात.

आणि उलटी चूकही होते, तिच्यात तर नोटीस येते. काही कार्यालयं सरकारी हिस्सा पगारात मिळवतच नाहीत. मग आपण हुशारी करून रिटर्नमध्ये वजावट घेतली की जे उत्पन्नात नव्हतंच ते वजा केलं, असं होतं. म्हणून बारा महिन्यांच्या पगारपत्रकांतल्या एकूण पगाराची बेरीज करा आणि ती फॉर्म १६ मधल्या कलम १७(१) च्या आकड्याशी ताडून बघा. (काही पगारपत्रकांत सरकारी हिस्सा जमेच्या बाजूला दाखवून पुन्हा कापलेला असतो, तो बेरजेत धरू नका.) फॉर्मचा आकडा हिश्शाइतका जास्त असेल तर वजावट तुमची आहे. सारखाच असेल तर घेऊ नका.

मित्राने फॉर्म दुरुस्तीसाठी परत पाठवलाय. "साहेब रजेवर आहेत," हे उत्तर मिळालंय.