तुमच्यापेक्षा लहान नोकरीचा मेल

संपादकांनी फोनवर बजावलं होतं, "ताई, तांत्रिक नको, सगळ्यांना कळेल असं लिहा." प्रयत्न करते, पण भरतीच्या धंद्यात वीसेक वर्षं घालवल्यावर कोणता शब्द तांत्रिक, हेच कळेनासं होतं.

श्रावणात घडलेलं एक प्रकरण अजून मनातून जात नाही. हिंजवडीतले एक गृहस्थ. सॉफ्टवेअर तपासणीतला चौदा वर्षांचा अनुभव, हाताखाली अकरा माणसं, वर्षाचं पॅकेज 30 लाखांचं. आमच्या ऑफिसातल्या मुलीने त्यांना मेल पाठवला: पाच ते आठ वर्षं अनुभव, कमाल 16 लाख. तिला उलट टपाली उत्तर आलं, "माझा रेझ्युमे वाचायची तसदी घेतली होती का?"

खरं सांगायचं तर नव्हती. लोकांना वाटतं, आम्ही एकेक रेझ्युमे चवीने वाचतो. प्रत्यक्षात नोकरीच्या पोर्टलवर 'सेलेनियम, जावा, पुणे, पाच ते आठ वर्षं' असं टाकून शोधतात आणि निघालेल्या दोनशे जणांना एकच मजकूर जातो. या गृहस्थांच्या खात्यात अनुभवाचा रकाना अजून सात वर्षांवरच थांबला होता, म्हणून ते चाळणीत अडकले. यात अपमान कुणी केलेला नव्हता, कारण समोर बघणारं कुणी नव्हतंच.

मुलीने त्यांच्या नावापुढे 'इच्छुक नाही' अशी खूण केली. दसऱ्याच्या आसपास, ज्या कंपनीसाठी तो मेल गेला होता, त्याच कंपनीत तपासणी विभागाच्या प्रमुखाची जागा निघाली, बजेट 38 लाखांपर्यंत. यादी काढताना ती खूण असलेली नावं आपोआप गळली.

मग लिहायचं काय? चार ओळी पुरतात: "मेलबद्दल धन्यवाद. ही जागा माझ्या पातळीच्या खालची आहे. सध्या चौदा वर्षांचा अनुभव आहे आणि अकरा जणांची टीम सांभाळतो. निश्चित पगार 28 लाखांच्या पुढे असेल आणि पद प्रमुखाचं असेल, तर जरूर कळवा." यातलं तिसरं वाक्य चुकलेला रकाना दुरुस्त करतं आणि चौथं पुढच्या शोधात तुम्हाला वर आणतं. राग, उपदेश, स्वतःच्या कर्तृत्वाची यादी यातलं काही आमच्या नोंदीत उतरत नाही.

आकडा आधी सांगू नये, असं मानणारे पुष्कळ आहेत, आणि माझं त्यांच्याशी जुनं भांडण आहे. मुलाखतीनंतरच्या घासाघीशीत त्यांचं खरं असेल. इथे मात्र समोरच्याच्या हातात पगाराचा मंजूर झालेला पट्टा असतो. पट्ट्याच्या वर लाख-दोन लाख हवे असतील तर विभागप्रमुख सही आणू शकतो. 16 चे 30 कुणी करत नाही, कारण त्या टीममधल्या बाकीच्यांचे पगारही बघावे लागतात. आकडा लपवलात तर तीन फोन होतात आणि चौथ्याला दोघंही चिडतात.

फक्त कोणता आकडा, ते नीट ठरवा. लोक पॅकेज सांगतात आणि तिथेच फसतात. 30 लाखांच्या पॅकेजमध्ये 4 लाख कामगिरीवर अवलंबून असतील आणि मूळ वेतन 12 लाख असेल, तर कंपनीचा भविष्यनिर्वाह निधीचा 12 टक्के वाटा 1 लाख 44 हजार होतो आणि ग्रॅच्युइटीची तरतूद 4.81 टक्क्यांनी साधारण 58 हजार. उरतात जवळजवळ 24 लाख, तेही आयकर आणि तुमचा स्वतःचा वाटा कापण्याआधीचे. म्हणून मेलमध्ये 'निश्चित पगार' असं स्पष्ट लिहायचं. आणि तो आजच्या पगाराचा आकडा नसावा. ज्याच्या खाली तुम्ही हलणारच नाही, तो असावा. आजचा पगार सांगितला की पुढची सगळी बोलणी त्यावर किती टक्के वाढ द्यायची, याचीच होतात. अमेरिकेत मॅसॅच्युसेट्स आणि कॅलिफोर्नियात 2018 पासून उमेदवाराला आधीचा पगार विचारायला कायद्याने मनाई आहे. आपल्याकडे मात्र सॅलरी स्लिप सर्रास मागतात, आणि मागणाऱ्यांत मीही आहे.

भिडस्त माणसं दुसऱ्याच प्रकारे फसतात. "रेझ्युमे तर पाठवून ठेवा, पुढे बघू," असं कुणी म्हटलं की पाठवून मोकळी होतात. आमच्यासारख्या एजन्सीने तो कंपनीच्या यंत्रणेत चढवला, की करारानुसार काही महिने, बहुधा सहा, तुम्ही त्या एजन्सीचे उमेदवार ठरता. मध्यंतरी योग्य जागा निघाली आणि दुसऱ्या कुणी तुमचं नाव दिलं, तर कमिशन कुणाचं यावर वाद होतो. हे कमिशन पुष्कळदा वार्षिक पॅकेजच्या 8.33 टक्के, म्हणजे एका महिन्याचा पगार असतं. वाद नको म्हणून कंपनी सरळ तिसराच माणूस बोलावते. शिवाय यंत्रणेत तुमच्या नावापुढे ती 16 लाखांची जागा चिकटलेली राहते, ते वेगळंच. तेव्हा "माझ्या लेखी होकाराशिवाय रेझ्युमे कुठेही पुढे पाठवू नये" हेही त्या उत्तरात घाला. चांगली एजन्सी यावर रागावत नाही.

त्या गृहस्थांचं नाव मी नंतर हाताने यादीत घातलं. तोवर ती जागा भरली होती.